ताप उतरलेल्या दिवसाचा पेग

‘गरम पाण्यातून थोडी ब्रँडी घे, घाम सुटेल, सकाळपर्यंत मोकळा होशील.’ एरवी दारूला न शिवणाऱ्या घरांतही सर्दी-तापात हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तळकोकणात आणि गोव्यात ब्रँडीची जागा काजूची फेणी घेते. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते आणि घेणाऱ्याला तासाभर खरोखर बरं वाटतं, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

एके काळी या सल्ल्यामागे नामांकित डॉक्टरांचंही वजन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले रॉबर्ट बेंटली टॉड तापाच्या रुग्णांना ठरावीक वेळाने ब्रँडी पाजत. ताप शरीराची शक्ती जाळतो, तेव्हा ती दारूतून भरून काढावी, असा त्यांचा विचार होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही कित्येक ठिकाणी व्हिस्की औषध म्हणून दिली गेली. पण रोज्यांच्या खाटांपाशी बसणाऱ्या डॉक्टरांना दुसरी बाजूही दिसत होती. नियमित पिणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त गाठतो आणि त्यांच्यात तो जास्त जीवघेणा ठरतो, हे एकोणिसाव्या शतकातच वैद्यकाच्या पुस्तकांत आलं होतं. पुढे दारू औषधांच्या यादीतून गेली, घरांतल्या सल्ल्यातून मात्र गेली नाही.

तेव्हा प्रश्न सरळ विचारू. तापात किंवा ताप उतरल्यावर दारू घेतली तर बरं व्हायला उशीर लागतो का? साध्या सर्दीत एखादा छोटा पेग घेतल्याने आजार अमुक दिवसांनी लांबतो, असा पुरावा नाही. तो लवकर बरा होतो, असाही नाही. मध्यम प्रमाणात पिणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या लोकांना सर्दी थोडी कमी होते, असं १९९३ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं आणि पिणाऱ्यांच्या गप्पांत तो अजून फिरत असतो. पण त्यात सर्दी लागण्याचा विचार होता, लागलेली बरी होण्याचा नव्हता. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात चढलेला ताप पहिल्या दोन दिवसांत कशाचा आहे, हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. फ्लू असेल, डेंग्यू असेल, मलेरिया असेल. पुराच्या पाण्यातून चालत गेला असाल तर लेप्टोस्पायरोसिसही असेल. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिलेली आहे. ‘साधी सर्दीच तर आहे’ हे आपल्याला आठवड्याने, मागे वळून पाहतानाच खात्रीने म्हणता येतं. पेग मात्र पहिल्या किंवा पाचव्या रात्री घेतला जातो.

आधी त्या बरं वाटण्याबद्दल. दारू पोटात गेली की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं उबदार रक्त त्वचेकडे येतं, कानशिलं तापतात, अंगभर ऊब पसरते. ही ऊब नव्याने तयार झालेली नसते. आतली उष्णता बाहेर फेकली जात असते. थंडी वाजणाऱ्या माणसाला ते सुखद वाटतं, घामही येतो. पण तापात शरीराने तापमानाची पातळी मुद्दाम वर नेऊन ठेवलेली असते, त्यामुळे फेकलेली उष्णता भरून काढायला त्याला पुन्हा कुडकुडावं लागतं. विषाणूवर या सगळ्याचा काहीच परिणाम होत नाही. नाक थोडा वेळ सुटल्यासारखं वाटलं तर ते गरम वाफेमुळे, आणि ती वाफ नुसत्या गरम पाण्यातूनही मिळते. उलट रक्तवाहिन्या रुंदावल्याने दारूनंतर काहींचं नाक अधिकच चोंदतं.

आता पाण्याचा हिशेब. आजारपणात दारूवरचा हा सर्वांना माहीत असलेला आक्षेप आहे, पण तो सहसा ‘दारूने शरीर कोरडं पडतं’ एवढ्यावरच थांबतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक येतं. मूत्रपिंडांनी पाणी वाया घालवू नये, परत रक्तात घ्यावं, हा निरोप ते पोचवतं. तापात, उलटीत, घामात शरीराला पाणी राखायचं असतं, म्हणून हे संप्रेरक वाढतं. दारू नेमकं तेच दाबते. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांतून एक ढोबळ आकडा मिळतो: एक ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण दहा मिलिलिटर जास्तीची लघवी.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये जवळपास १० ग्रॅम अल्कोहोल आणि त्यामागे १०० मिलिलिटर जास्तीची लघवी. १८० मिलिलिटरची क्वार्टर संपवली तर ६० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी शरीराबाहेर. शरीर आधीच कोरडं असेल तर ते थोडाफार प्रतिकार करतं आणि हा आकडा खाली येतो, पण दिशा बदलत नाही.

‘मग बिअर घेतो, तिच्यात पाणीच असतं,’ असं कुणी म्हणेल. हिशेबाने बोलायचं तर त्याचं काही अंशी खरं आहे. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. पाव लिटर जास्तीची लघवी वजा केली तरी बरंचसं पाणी शरीरात राहतं. पण मीठ जवळजवळ नसतंच, आणि तापलेल्या शरीराला पाण्याबरोबर मीठही हवं असतं. पाण्याचा तोटा हा दारूवरचा सर्वांत मोठा आरोप आहे, असं मला वाटत नाही. त्याहून घातक गोष्ट ही की दारू लघवीलाच खोटं बोलायला लावते.

घरी रुग्णाला पाणी पुरतं आहे की नाही हे ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे लघवी. सहा तासांत एकदा तरी झाली आणि फिकट पिवळी असली तर ठीक. गडद, थोडी आणि उशिरा होत असेल तर पाणी कमी पडतं आहे. दोन पेग घेतलेला माणूस मात्र भरपूर आणि पाण्यासारखी स्वच्छ लघवी करतो. घरच्यांना वाटतं, चला, पाणी व्यवस्थित जातंय. प्रत्यक्षात ते शरीराला लागत असूनही बाहेर चाललेलं असतं. ज्या खुणेवर पुढचे दोन दिवस विसंबायचं, तीच त्या रात्री फसवी होते.

हे सर्वांत जास्त अंगाशी येतं ते डेंग्यूत, म्हणून एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, ठाण्यातला चाळिशीतला एक नोकरदार माणूस. रोज पिणारा नाही, शनिवार-रविवारी मित्रांबरोबर घेणारा. सोमवारी संध्याकाळी त्याला सणकून ताप भरतो, १०२–१०३. डोळ्यांच्या मागे दुखतं, कंबर मोडल्यासारखी होते. मंगळवार, बुधवार तो पॅरासिटामॉलवर काढतो. गुरुवारी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, प्लेटलेट्स थोड्या कमी येतात. शुक्रवारी सकाळी तो उठतो तर अंग गार. थर्मामीटर ९८.४ दाखवतो. चार दिवसांनी पहिल्यांदा त्याला माणसात आल्यासारखं वाटतं. संध्याकाळी मित्र चौकशीला येतात. ‘ताप उतरला ना? मग थोडी घे, अंगातला कणकणा जाईल.’ तो दोन लार्ज घेतो, म्हणजे १२० मिलिलिटर.

पण डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. ताप आल्यापासून तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, ताप खाली येण्याच्या सुमाराला, काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. त्यांतून रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो आणि पोटात, फुप्फुसांभोवती साचतो. हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो. या तासांत शरीरातलं एकूण पाणी तेवढंच असूनही रक्तवाहिन्यांतलं कमी होतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब पडू शकतो. सगळ्यांना होत नाही, बहुतेक लोक यातून सहज पार पडतात. पण कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्या दोन दिवसांत रुग्णावर नजर ठेवतात.

काय पाहायचं हेही ठरलेलं आहे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा सुस्ती, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यायचं.

आता आपला माणूस आठवा. शुक्रवारी रात्री दोन वाजता त्याला उलटी होते. घरात सगळे म्हणतात, रिकाम्या पोटी घेतलीस ना. पहाटे पोटात दुखतं, तो ॲसिडिटीची गोळी घेतो. शनिवारी दहा वाजेपर्यंत तो उठत नाही, हाक मारली तर तुटक उत्तर देतो. रात्रीची उतरली नसेल, असं बायकोला वाटतं. रात्रभरात लघवी भरपूर झाली होती, म्हणून पाण्याची काळजी कुणी करत नाही. धोक्याची प्रत्येक खूण समोर येऊन गेली आणि प्रत्येकीला दारूचं स्पष्टीकरण मिळालं. डेंग्यूत वेळेत शिरेतून द्रव दिला तर माणूस जवळजवळ नेहमीच वाचतो. इथे जे गेले, ते तेच बारा तास.

त्या बारा तासांत शरीरात काय होत होतं, ते रक्ताच्या एका तपासणीत दिसलं असतं. लोक प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, फोनवर एकमेकांना तोच आकडा विचारतात. पण प्लाझ्मा झिरपतो आहे का, हे सांगतो तो अहवालातला पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा, म्हणजे रक्तात पेशींचं प्रमाण किती टक्के आहे ते. गुरुवारी तो ४२ असेल आणि शनिवारी ५० च्या पुढे गेला, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास वाढला, तर रक्त घट्ट झालं आहे, पातळ भाग बाहेर गेला आहे. दारूमुळे लघवीवाटे गेलेलं पाणी याच घट्ट होत चाललेल्या रक्तातून गेलेलं असतं.

शिवाय डेंग्यू यकृतालाही सुजवतो. त्या आठवड्यात रुग्णांची एसजीओटी, एसजीपीटी बहुधा वाढलेली असते. दारू पचवायचं काम त्याच सुजलेल्या यकृतावर पडतं. जठराच्या अस्तरालाही ती चिडवते. प्लेटलेट्स कमी असताना हे अस्तर सोलवटलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. अंगदुखीसाठी घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्यावर घेतली, तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. डेंग्यूची शंका असताना या गोळ्या आणि ॲस्पिरिन टाळा असं डॉक्टर सांगतात, ते याच कारणाने.

उरते पॅरासिटामॉल. ती तापातली सुरक्षित गोळी आहे, पण मात्रेत असेल तोवर. यकृत तिचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून बाहेर काढतं. थोडा भाग मात्र विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याचा निकाल लावतो. नियमित पिणाऱ्याच्या यकृतात तो विषारी भाग जास्त तयार होतो, आणि त्याला आवरणारं ग्लुटाथायोन कमी असतं. चार दिवस अन्न धड गेलेलं नसेल तर ते आणखी कमी होतं. निरोगी, जेवणाऱ्या प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. रोज पिणाऱ्याला, कृश माणसाला डॉक्टर ती २ ग्रॅमवर आणतात.

चार ग्रॅम खूप वाटतात, पण तिथवर पोचायला वेळ लागत नाही. ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा घेतली की झाले २.६ ग्रॅम. सर्दीसाठी म्हणून दुकानातून वेगळ्या नावाची गोळी आणली, तिच्यातही बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती तीनदा घेतली की आणखी दीड ग्रॅम. बेरीज ४.१. दोन गोळ्यांत एकच औषध आहे हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तापाच्या डोळ्यांनी ते कोण वाचणार? त्याच सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, ज्याने गुंगी येते. वर दारू घेतली की दोन्हींची गुंगी एकावर एक चढते, खोकल्याची उबळ मंदावते आणि उलटी झाली तर ती श्वासनळीत उतरण्याचा धोका वाढतो. महिन्यातून एकदा घेणाऱ्याने योग्य मात्रेतल्या पॅरासिटामॉलबरोबर एक पेग घेतला म्हणून त्याचं यकृत निकामी होतं, असं नाही. धोका असतो तो रोज पिणाऱ्याला, उपाशी असणाऱ्याला आणि गोळ्यांची बेरीज न करणाऱ्याला. आजारपणात या तिन्ही गोष्टी एकाच माणसात सहज जमून येतात.

विश्रांतीबद्दल बोलताना आपण बहुधा ऑफिसला न जाण्याबद्दल बोलतो. शरीराला अभिप्रेत विश्रांती म्हणजे झोप. संसर्ग झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांतली काही मेंदूपर्यंत पोचून माणसाला मलूल करतात, भूक मारतात, झोपवतात. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. १०२ फॅरनहाइट म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन अंश जास्त, म्हणजे पाचवा हिस्सा जास्तीचा खर्च, तोही अन्न जात नसताना. हालचाल बंद करून शरीर तो खर्च निभावतं.

झोपेचा आणि संसर्गाचा संबंध किती घट्ट आहे, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात स्पष्ट दिसलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली.

‘पण एक घेतली की झोप तर छान लागते.’ लागते, लवकर लागते, पहिले तीन-चार तास गाढही असते. मग अल्कोहोल पचून रक्तातून उतरू लागतं, आणि उत्तररात्र तुटक होते. नाडी निम्म्या रात्रीपर्यंत जलद राहते, घोरणं वाढतं, लघवीला उठावं लागतं, स्वप्नांची झोप कमी होते. तापात नाडी आधीच जलद असते. फ्लूमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि अशा हृदयावर जास्तीचा भार टाकणं धोक्याचं असतं. सकाळी उठल्यावर ‘आठ तास झोपलो तरी थकवा जात नाही’ असं वाटतं, आणि दोष फ्लूला दिला जातो.

दारूचा प्रतिकारशक्तीवर थेट काय परिणाम होतो, तेही पाहिलं गेलं आहे. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी सहभाग घेतलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पंधरा तरुण, निरोगी स्वयंसेवकांना चार-पाच पेग व्होडका दिली. पहिल्या वीस मिनिटांत रक्तातल्या काही संरक्षक पेशी वाढल्या, पण दोन तासांनी आणि पाच तासांनी पाहिलं तेव्हा त्या नेहमीपेक्षा कमी झालेल्या होत्या. पंधरा माणसांवरून आजार किती लांबेल हे सांगता येत नाही. पण श्वासनळीच्या आत कफ वर ढकलणारे जे सूक्ष्म केस असतात, ते जास्त दारूने मंदावतात. फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशीही सुस्त होतात. फ्लूनंतर चार-पाच दिवसांनी, बरं वाटू लागलेलं असताना, पुन्हा ताप आणि घट्ट कफ सुरू होतो तो बहुधा मागून आलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. त्याला वाट मिळते ती अशाच फुप्फुसांतून.

मग प्यायचं काय? नुसतं पाणी पुरत नाही, कारण घामातून आणि उलटीतून मीठही गेलेलं असतं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जलसंजीवनीचं पाकीट याच तत्त्वावर बनलेलं आहे. ते न मिळालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवायचं नाही, चवीला अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते फेकून नव्याने करायचं. दुकानात मिळणाऱ्या फळांच्या चवीच्या गोड पेयांत साखर भरपूर आणि मीठ नाममात्र असतं, त्यांना जलसंजीवनी समजू नये.

आपल्या स्वयंपाकघरातही उत्तम द्रवपदार्थ आहेत. कोकणातली मिठाची पेज मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटते: पाणी, मीठ आणि सहज पचणारा तांदळाचा स्टार्च, तिन्ही एका वाडग्यात. मीठ घातलेलं पातळ ताक, वरणाचं पाणी, मीठ-साखरेचं लिंबू सरबत ही तितकीच उपयोगी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते चालेल, पण फक्त त्यावर राहू नये. चहाने नेहमीच्या चहाबाजाचं काही बिघडत नाही. सत्तर किलोच्या प्रौढाने ताप असताना दिवसभरात अडीच ते तीन लिटर द्रव घ्यावा, एकदम ग्लासभर न पिता दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. डेंग्यूच्या पाझरण्याच्या काळात अतिरेकी द्रवही घातक ठरतो, झिरपलेलं पाणी छातीत साचून धाप लागते.

बरं झाल्यावर किती दिवस थांबायचं, याचं उत्तर आजारावर अवलंबून आहे. साध्या फ्लूनंतर थकवा आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. भूक, झोप आणि बसलेली नाडी पूर्ववत होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. डेंग्यूनंतर प्लेटलेट्स आणि यकृताच्या तपासण्या नेहमीच्या आकड्यांवर आल्याचं कागदावर दिसावं. कावीळ झाली असेल तर डोळे पांढरे झाले म्हणून यकृत बरं झालं असं होत नाही. तपासण्या पूर्ववत आल्यानंतरही काही महिने थांबायला डॉक्टर सांगतात.

एका गटाला मात्र ‘आजारी आहेस, दारू बंद’ एवढंच सांगून भागत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं रोज क्वार्टर किंवा जास्त घेतो, त्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेलं असतं. ताप आला, पाणीही पोटात ठरत नाही, त्यामुळे दारूही आपोआप सुटली, की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंथरुणातून उठून ते पळू पाहतात, अंगही तापतं. वॉर्डात असताना हे घडलं तर ताप डोक्यात गेला असं घरच्यांना वाटतं. त्यावर उपाय पुन्हा दारू पाजणं हा नाही आणि नुसतं बांधून ठेवणं हाही नाही. त्याची औषधं आहेत, थायमिनची इंजेक्शनं आहेत, आणि वेळेत दिली तर ती चांगली लागू पडतात. त्यासाठी दाखल होतानाच डॉक्टरांना कळायला हवं की रोज किती घेतो, किती वर्षं घेतो आणि शेवटची कधी घेतली. लाजेखातर घरचे आकडा निम्म्यावर आणून सांगतात, आणि औषधाची मात्रा त्या निम्म्या आकड्यावर ठरते.